सरकत्या छपराची नोंद

क्लोटिल्ड लेझामा बाईंनी एकतीस वर्षं कोको उत्पादकांच्या त्या सहकारी संस्थेची वही लिहिली, आणि एकतीस वर्षांत त्यांना एकदाही असं झालं नव्हतं की बिल हातात आहे, रक्कम डोळ्यांसमोर आहे, लेखणीत शाई आहे आणि तरी लिहायचं कुठे ते कळत नाही. बाई मूळच्या वजनकाट्यावरच्या. बाविसाव्या वर्षी ओल्या कोकोच्या बादल्या मोजायला लागल्या, तिथून आठवड्यातून दोनदा बसने तालुक्याच्या गावी जाऊन हिशेब शिकल्या, आणि जुने हिशेबनीस दमेकरी होऊन घरी बसले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीचा एक पाय आखूड होता. तो त्यांनी अजून नीट करून घेतला नव्हता, कारण खुर्चीची दुरुस्ती कुठल्या खात्यावर टाकायची हे सांगणारा माणूस गावात दुसरा कुणी नव्हता आणि स्वतःच्या खुर्चीसाठी स्वतःच नोंद करणं त्यांना बरं दिसत नव्हतं. असल्या बाई होत्या त्या.

त्रिनिदादच्या त्या डोंगरपट्टीत कोको-घराला छप्पर असतं ते स्थिर नसतं. खाली गोदाम, वर लाकडी फळ्यांची मोठी थोरली गच्ची, आणि तिच्यावर चाकांवर सरकणारं पत्र्याचं छप्पर. ऊन असलं की छप्पर बाजूला ढकलायचं, आंबवलेल्या बिया उन्हात पसरायच्या. पावसाची चाहूल लागली की धावत वर जाऊन छप्पर पुन्हा ओढून घ्यायचं. बिया भिजल्या तर बुरशी लागते, आणि बुरशी लागलेला कोको कुणी फुकटसुद्धा नेत नाही. म्हणून संस्थेकडे चार माणसं केवळ छपरासाठी रोजंदारीवर असत. वहीत त्यांचं वेगळं सदर होतं, ‘छपराचे मजूर’. त्या चौघांतला सगळ्यात जुना सिल्वन लेझामा, म्हणजे क्लोटिल्ड बाईंचा नवरा.

जुलैत, हंगाम नसताना, बॉयसी रामलोगन नावाच्या कंत्राटदाराने हे छप्पर करून दिलं. करून दिलं म्हणजे नेमकं काय केलं, हाच तर सगळा घोळ. बॉयसीचं बिल एका ओळीचं होतं: ‘छप्पर. एक लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे डॉलर.’ खाली सही. सहीखाली पुन्हा एक रेघ, म्हणजे आता यावर बोलणं नाही.

संस्थेचं वर्ष सप्टेंबरअखेर संपायचं. हे बिल सोडून बाईंनी हिशेब जुळवला तर वाढावा निघत होता एक्याण्णव हजार चारशे. आता हे छप्पर दुरुस्ती म्हणून महसुली खर्चात धरलं, तर सगळी रक्कम याच वर्षाच्या पोटात जाणार आणि संस्था सत्तावन्न हजार दोनशेने तोट्यात येणार. तोट्यात आली की सभासदांना बोनस नाही. आदल्या वर्षी फळांवर काळी सड पडली होती तेव्हाही बोनस नव्हता. सलग दुसऱ्या वर्षी नाही म्हटलं असतं, तर निम्मे सभासद आपला ओला कोको खासगी दलालाच्या ट्रकमध्ये घालायला मोकळे झाले असते. उलट तेच छप्पर भांडवली खर्च धरलं, तर रक्कम मालमत्तेत जाऊन बसणार, वर्षाला थोडा थोडा घसारा पडणार, आणि सत्तावन्न सभासदांच्या हातात नाताळाआधी काही तरी पडणार.

अध्यक्ष हॉलिस गेरा यांना यात कसलाच घोळ दिसत नव्हता. ते बाईंच्या टेबलापाशी उभं राहूनच बोलायचे, बसले तर काम लांबतं असा त्यांचा अनुभव. एवढी मोठी रक्कम म्हणजे भांडवली, त्यात विचार काय करायचा, असं त्यांचं म्हणणं. वार्षिक सभेत बोनस मिळणार असं ते एप्रिलमध्येच बोलून बसले होते, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. गावाला ठाऊक होतं म्हणा.

बाईंनी त्यांना समजावलं की रक्कम मोठी की लहान यावर ते ठरत नाही. पाच डॉलरची वस्तूही मालमत्ता होऊ शकते आणि पाच लाखांची रंगरंगोटीही नुसता खर्च असते. बघायचं ते एवढंच, की पैसे घालून छप्पर पूर्वी होतं तसं पुन्हा झालं, की पूर्वी करत नव्हतं असं काही करायला लागलं. पूर्ववत झालं तर दुरुस्ती. जास्त काही मिळालं तर भर.

“मग झालं की,” अध्यक्ष म्हणाले. “जास्त मिळालं असं लिहा.”

“काय जास्त मिळालं?”

“ते तुम्ही बघा, मिस लेझामा. वही तुमची.” तिथे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणत.

बाईंनी पहिल्यांदा बॉयसीला गाठलं. तो दुसऱ्या गावात चर्चच्या मनोऱ्यावर चढला होता आणि खाली यायला तयार नव्हता, म्हणून बाईंनी खालून आणि त्याने वरून, असं बिल फोडण्यात आलं. सडलेल्या कैच्या काढून तशाच नव्या घातल्या, एकशे दहातले चाळीस पत्रे बदलले, बाकीच्यांना रंग दिला, याचे बावन्न हजार सहाशे. आणि जुन्या लाकडी धावपट्ट्या अन् बिडाची चाकं काढून तिथे पोलादी रूळ आणि छर्ऱ्यांची चाकं बसवली, त्याचे शहाण्णव हजार. बेरीज बरोबर आली. बॉयसीने वरून विचारलं की बाईंना बेरीज करायलाच एवढ्या लांब यायचं होतं का. बाईंनी दोन्ही आकडे कागदावर उतरवून घेतले.

पहिल्या भागाचं त्यांच्या मनात चटकन ठरलं. सडकं लाकूड काढून तसलंच लाकूड घातलं, गंजका पत्रा काढून तसलाच पत्रा घातला, यात नवं काही नाही. ती दुरुस्ती. घोडं अडलं ते रुळांपाशी.

त्यांनी मालमत्तेचं जुनं रजिस्टर काढलं, तर तिथे आणखी गंमत. दमेकरी हिशेबनीसांच्याही आधीच्या कुणीतरी हे छप्पर ‘इमारत’ या सदरात धरलंच नव्हतं, ते ‘वाळवण्याची यंत्रं’ या सदरात होतं. बाई दोन दिवस त्यावर अडकून बसल्या. डोक्यावर असतं ते छप्पर, की हलतं ते यंत्र? घरी जेवताना त्यांनी सिल्वनला विचारलं. तो म्हणाला, पाऊस असतो तेव्हा छप्पर आणि ऊन असतं तेव्हा यंत्र. हे ऐकून बाईंच्या डोक्यातला गुंता कमी होण्याऐवजी वाढला. शेवटी त्यांनी जुन्या माणसाचं शहाणपण मान्य केलं: बिया वाळवण्यासाठी जे हलतं ते यंत्रच. जुन्या चाकांची आणि धावपट्ट्यांची पुस्तकी किंमत बघितली तर शून्य, कधीच घसाऱ्यात जिरून गेलेली. म्हणजे ती वहीतून काढताना नफा नाही की तोटा नाही. सिल्वनला हे कळल्यावर त्याने घास हातातच धरला.

“म्हणजे सव्वीस वर्षं आम्ही शून्य ढकलत होतो?”

“पुस्तकी किंमत शून्य म्हणतेय मी.”

“वजनाला बरीच होती.”

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सहकार खात्याची ऑडिटर आली. अंजनी सीपरसाद. वय अठ्ठावीस-तीस, डोळ्यांवर मोठा चष्मा, बरोबर स्वतःचा डबा, आणि बोलणं इतकं मऊ की आपल्याला प्रश्न विचारला गेलाय हे माणसाला घरी गेल्यावर कळावं. बाईंनी छपराचे दोन तुकडे करून मांडलेले बघून तिने मान डोलावली. दुरुस्तीचा भाग तिने एका टिचकीत मान्य केला. मग रुळांच्या ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाली, या भागात भर काय पडली तेवढं एका पानावर लिहून द्या, पुराव्यासकट. संस्थेच्या हिशेबाच्या नियमांत स्पष्टच होतं: बदललेला भाग पूर्वीपेक्षा जास्त फायदा देणार असेल तरच मालमत्तेत. नाहीतर सगळंच दुरुस्ती.

बाई म्हणाल्या, पोलाद आहे, टिकेल. वीस वर्षं तरी.

“आणि जुन्या धावपट्ट्या कशाच्या होत्या, मिस लेझामा?”

“बलाटा लाकडाच्या.”

“किती टिकल्या?”

बाईंनी रजिस्टर बघितलं. त्रेपन्न वर्षं. टिकाऊपणाचा मुद्दा तिथल्या तिथे निकालात निघाला. वाळवण लवकर होतं असं म्हणावं, तर छप्पर ऑगस्टपासून वापरात आलेलं, म्हणजे ऐन रिकाम्या दिवसांत. दोन महिन्यांत गच्चीवर बिया पडल्या त्या मूठभर. आणि ऊन तेवढंच, फळ्या त्याच, मग लवकर वाळेल कशाला? मिस सीपरसाद म्हणाली घाई नाही, मी पंधरवड्याने परत येते. डबा उचलला आणि गेली.

घाई नाही म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. घाई असती तर बाईंनी काही तरी खरडून दिलं असतं आणि सुटल्या असत्या. पंधरवडा दिल्यामुळे त्यांना विचार करायला वेळ मिळाला, आणि विचार करायला लागल्यावर त्यांना दिसलं की भर काय पडली हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाईंच्या खिडकीतून गच्ची दिसायची. जुनं छप्पर ढकलायला चार माणसं लागायची, तीही दात-ओठ खाऊन. पायांच्या शिरा फुगायच्या, चौघांतला डूडनाथ शिव्या द्यायचा, आणि चाकं कण्हत कण्हत निघायची. नवे रूळ आल्यावर पहिल्याच दिवशी चौघांनी सवयीने जोर लावला, तर छप्पर सुसाट गेलं आणि पलीकडच्या अडसरावर आपटून अडसराचा तुकडा उडाला. त्यानंतर चौघांनी एक पद्धत पाडली. कुणी ठरवली, कधी ठरवली, कुणास ठाऊक. चौघंही वर जायचे, चौघंही कडेला हात टेकायचे, आणि ढकलायचा मात्र एकच. बाकीचे तिघे नुसते बरोबर चालायचे, मान खाली घालून, जरा पाय ओढत. पाळीपाळीने. सोमवारी सिल्वन, मंगळवारी डूडनाथ, असं. गावात याबद्दल अवाक्षर नाही. अध्यक्षांनी बघितलं असेल तरी त्यांना चार माणसं छपराला लागतात एवढंच ठाऊक होतं, आणि चार माणसं छपराला होती.

म्हणजे पानावर लिहायचं ते एवढंच होतं: पूर्वी चार माणसं लागत, आता एक लागतो. तीन माणसांची मजुरी दरवर्षी वाचते. याहून चांगला पुरावा मिस सीपरसादने आयुष्यात बघितला नसता. आणि ते पान समितीपुढे गेलं की तीन माणसं घरी बसणार, हे समजायला कुठलं पुस्तक वाचावं लागत नव्हतं. सिल्वन अठ्ठावन्न वर्षांचा. गुडघे सव्वीस वर्षं त्या छपराला दिलेले. दुसरीकडे कोण ठेवणार त्याला?

तिथून पुढे बाईंचं जे काही झालं त्याला तळ्यात-मळ्यात म्हणतात. सकाळी वाटायचं, लिहावं. खरं ते खरं. दुपारी वाटायचं, छे, सगळं दुरुस्तीत टाकावं. काय बिघडलं, थोडा सावधपणाच तो. लगेच मनात यायचं, हे तू नवऱ्यासाठी करतेस. मग पुन्हा भांडवलीकडे वळावं, तर त्यांची स्वतःची तीन एकर कोकोची बाग होती, म्हणजे बोनस त्यांनाही मिळणार होता. हे तू बोनससाठी करतेस. कुठल्याही बाजूला वळलं तरी आपलाच फायदा वाटेत उभा. आपला हात कशामुळे कुठे वळतोय हे त्यांना ओळखू येईना. एक कच्चा कागद लिहायच्या, वाचायच्या, फाडायच्या. एके दिवशी तर मसुदा इतका गोल लिहिला की वाचून बॉयसीने छप्पर केलंय की नाही याचीच शंका यावी. तोही फाडला. चिडचिड इतकी वाढली की वजनकाट्यावरच्या मुलीने सुट्टी विचारली तर बाई म्हणाल्या, ती महसुली हवी की भांडवली? मुलगी बिचारी बघतच राहिली.

घरी बाईंनी सिल्वनला सगळं सांगितलं. तो बेकचा, म्हणजे तिथल्या जाड भाकरीचा, तुकडा खारवलेल्या माशाबरोबर हळूहळू चावत ऐकत राहिला. बाईंनी खिडकीतून बघितलंय हे कळल्यावर जरा ओशाळला.

“दिसतं होय तिथून?”

“चौघांचे पाय दिसतात. तिघांचे नुसते चालतात.”

त्याने ताट बाजूला सारलं. कोको-टीचा पेला उचलून अंगणात गेला. बाईंना वाटलं होतं तो काही तरी मागेल. लिहू नकोस म्हणेल. तो मागेल आणि मग आपण नाही म्हणू, किंवा हो म्हणू, पण निदान कुणी तरी काही तरी म्हटलेलं असेल. तो आंब्याखाली उभा राहून पेला संपेपर्यंत डोंगराकडे बघत राहिला, बस.

मिस सीपरसाद ठरल्या दिवशी आली. बाईंपाशी पान नव्हतं. त्यांनी मग एकच सरळ गोष्ट केली. ती त्यांना आधी सुचली असती तर पंधरा दिवसांची झोप वाचली असती. त्या म्हणाल्या, “भर पडलीय असं मला वाटतं. छप्पर आता कमी माणसांत सरकतं. पण छपराच्या मजुरांत माझा नवरा आहे, आणि बोनस घेणाऱ्या सभासदांत मी आहे. म्हणून माझ्या वाटण्यावर जाऊ नका. तुम्ही स्वतः बघा.”

ऑडिटरने चष्मा काढून पुसला. तिला बाई आवडल्या असाव्यात, कारण पहिल्यांदाच तिचा आवाज जरा जाड झाला. ती म्हणाली, हे तुम्ही सांगितलंत ते मी माझ्या टिपणात लिहीन, त्यात तुमचं भलंच आहे. चला, बघू.

वर गच्चीवर चौघं होते. डूडनाथ, त्याच्या शेजारी कॅलिक्स्टो आणि धाकटा मोरालेस, आणि कडेला सिल्वन. अध्यक्षही आले होते, उभेच. गच्चीच्या एका कोपऱ्यात हंगामातल्या पहिल्या बिया वाळत होत्या, आंबूस वास सुटलेला. छप्पर पलीकडे टोकाला होतं.

मिस सीपरसादने तिच्या मऊ आवाजात विचारलं की हे छप्पर बंद करायला किती जणांची गरज पडते. डूडनाथ म्हणाला, आम्ही चौघं असतो, मॅडम. ते खरंच होतं. तिने विचारलं, एकट्याने होईल का? कुणी एकाने करून दाखवाल?

कुणी हललं नाही. मोरालेसने पायाचा अंगठा फळीच्या फटीत घालून फिरवला. डूडनाथने क्लोटिल्ड बाईंकडे बघितलं. तो त्यांना भौजी, म्हणजे वहिनी, म्हणायचा, त्याच्या लग्नात पाहुण्यांचा भात त्यांनी शिजवला होता. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि बाईंना तो रागापेक्षा अवघड गेला.

बाईंना त्या क्षणी काय वाटत होतं ते त्यांनाच सांगता आलं नसतं. छप्पर जड निघावं असं वाटत होतं. हलकं निघावं असंही वाटत होतं. कुणीतरी पुढे व्हावं, पाय रोवावेत, तोंड लाल करावं, दोन हात सरकवून थांबावं आणि धापा टाकत म्हणावं, एकट्याचं काम नाही हे. इतकं सोपं होतं. ऑडिटर काय, तिने आयुष्यात छप्पर ढकललं नव्हतं. ती मान डोलावून सगळी रक्कम दुरुस्तीत टाकायला सांगून गेली असती. बोनस बुडाला असता, पण बोनस सत्तावन्न जणांत वाटून बुडतो.

सिल्वन पुढे झाला.

त्याने टोपी सारखी केली. छपराच्या कडेला गेला, उजवा हात टेकवला. डावा पाठीमागे. आणि चालायला लागला. छप्पर त्याच्याबरोबर आलं, कसलाही आवाज न करता, बियांवर सावली ओढत ओढत. अडसरापाशी त्याने हात जरा मागे घेतला आणि ते अलगद टेकलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. तो वळला. धाप नव्हती, घाम नव्हता.

“जड नाही,” तो म्हणाला. “लिहा.”

अध्यक्ष हॉलिस गेरा यांनी आधी छपराकडे, मग चौघांकडे, मग पुन्हा छपराकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब उमटताना बाईंनी बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाने काहीतरी स्वतः मोजलं होतं.

त्याच दुपारी बाईंनी नोंद केली. वाळवण्याची यंत्रं, नावे शहाण्णव हजार. दुरुस्ती खर्च, नावे बावन्न हजार सहाशे. बॉयसी रामलोगन, जमा एक लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे. जुनी चाकं आणि धावपट्ट्या रजिस्टरातून काढल्या. वीस वर्षांच्या हिशेबाने दोन महिन्यांचा घसारा आठशे. वाढावा राहिला अडतीस हजार, त्यातला दहावा हिस्सा राखीव निधीत टाकला, उरले चौतीस हजार दोनशे. सत्तावन्न जणांत सरासरी सहाशे. सगळं छप्पर मालमत्तेत घातलं असतं तर चौदाशेच्या वर गेलं असतं, असं अध्यक्ष दोनदा म्हणाले, पण मिस सीपरसादने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तिने बाईंच्या नोंदीपुढे खूण केली आणि खाली लिहिलं की निर्णय योग्य, पुरावा प्रत्यक्ष पाहिला. एकतीस वर्षांत कुठल्याही ऑडिटरने इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. बाईंना ते वाचून काडीचाही आनंद झाला नाही.

समितीला दोन आठवडे लागले. नोव्हेंबरपासून छपराला एकच मजूर. अध्यक्ष बाईंच्या टेबलापाशी उभे राहून मोठ्या मनाने म्हणाले की तो एक अर्थातच सिल्वन. क्षणभर बाईंना बरं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. पण सिल्वनने समितीला परस्पर सांगून टाकलं होतं की डूडनाथला ठेवा, त्याची तीन पोरं शाळेत आहेत, माझी कुठे आहेत. बाईंना हे अध्यक्षांकडून कळलं. मजुरीच्या तक्त्यात ‘छपराचे मजूर’ या सदराखाली त्यांनी डूडनाथचं नाव लिहिलं. सदराचं नाव अनेकवचनीच राहिलं होतं. ते बदलायचा त्यांना धीर झाला नाही.

डूडनाथने पगार घेताना खिडकीशी बरंच रेंगाळून घेतलं. “भौजी, तो असं का वागला?” एवढंच विचारलं त्याने. बाईंनी सही कुठे करायची ते दाखवलं.

बोनस वाटला त्या दिवशी लेझामांच्या वाट्याला, त्यांच्या तीन एकरांच्या कोकोच्या वजनाप्रमाणे, चारशे बारा डॉलर आले. सिल्वन ओट्यावर बसून कोकोच्या फांद्या छाटायची सुरी परजत होता. आता तो रोज स्वतःच्या बागेत जायचा. बागेत तीन दिवसांचं काम होतं, ते तो सहा दिवस पुरवायचा. बाईंनी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि इतके दिवस मनात ठेवलेलं एकदाचं विचारलं.

“तू का ढकललंस?”

“कधी?”

“वेड पांघरू नकोस. त्या दिवशी. एका हाताने.”

त्याने सुरी दगडावरून एकदा पुढे नेली, मागे आणली. “तीन आठवडे तू धड जेवत नव्हतीस, क्लो. कागद लिहायचीस आणि फाडायचीस. झोपेत बेरजा करायचीस. म्हटलं, बाईला नोंद करायचीय आणि माझ्यासाठी अडलीय. संपवून टाकू.”

“माझ्यासाठी?”

“मग काय ऑडिटरसाठी?”

बाई पायरीवर बसल्या. एकतीस वर्षं वही लिहिणाऱ्या, एका सेंटचाही फरक सहन न करणाऱ्या क्लोटिल्ड लेझामा बाई नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघत राहिल्या. तो गुडघा बसल्या जागीही जरा वाकडाच राहायचा. मग त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटत होतं, तू खोटं करशील. छप्पर हलत नाही असं दाखवशील. मी तिथे उभी राहून मनात तेच म्हणत होते. देवाला म्हणत होते, सिल्वन.”

सिल्वनचा हात थांबला. त्याने सुरी खाली ठेवली आणि बायकोकडे असं बघितलं, जणू इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई त्याला पहिल्यांदाच भेटत होती.

“सांगायचं होतंस मग,” तो म्हणाला. “मी घामसुद्धा काढला असता.”

बाई उठल्या. नोंद बरोबर होती, तिच्यात अजूनही काही चूक सापडत नव्हती. त्यांनी पाकीट उचललं, आत जाऊन डब्यात ठेवलं, आणि बराच वेळ डब्याचं झाकण धरून तशाच उभ्या राहिल्या.